शेजारच्याला दुसराच पेपर: परीक्षेच्या आसनव्यवस्थेमागचं गणित

फेब्रुवारी-मार्च आला की 'कॉपीमुक्त अभियान' बातम्यांत येतं. भरारी पथकं, बैठी पथकं, केंद्राबाहेरची जमावबंदी, खिडकीला लोंबकळणाऱ्या नातेवाइकांचे फोटो. या गडबडीत एका साध्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही: कोण कुठे बसलंय आणि त्याच्या हातात कुठला पेपर आहे. कायद्याने मात्र तिची दखल घेतली आहे. २०२४ सालच्या केंद्रीय सार्वजनिक परीक्षा (गैरप्रकार प्रतिबंध) कायद्यात गुन्ह्यांची जी यादी आहे, तिच्यात गैरप्रकार सोपा व्हावा म्हणून आसनव्यवस्थेत फेरफार करणं हाही गुन्हा आहे. पेपर फोडणं आणि बाकं हलवणं एकाच यादीत!

पालकांना आणि विद्यार्थ्यांनाही यातलं फारसं कळत नाही. स्पर्धा परीक्षेला पुस्तिकेवर ए, बी, सी, डी का असतं? दोन संच पुरले नसते का? कॉलेजात एका बाकावर एफ.वाय.चा मुलगा आणि टी.वाय.ची मुलगी का बसवतात? याच्या मुळाशी एक छोटं, डोक्यात सहज बसणारं गणित आहे. ते चुकलं तर वरवर शिस्तीत दिसणाऱ्या खोलीतही अख्ख्या ओळीला एकच संच मिळू शकतो.

## शेजारी नेमका कोण?

आधी दोन शब्द ठरवून घेऊ. फळ्यापासून मागच्या भिंतीकडे जाते ती रांग. डावीकडून उजवीकडे जाते ती ओळ. खोलीत ४ रांगा आणि प्रत्येक रांगेत ६ बाकं असली, एका बाकावर एकच परीक्षार्थी असला, तर एकूण २४ जण झाले.

आता मधल्या एखाद्या बाकावर बसलेल्या मुलाचे शेजारी मोजा. डावीकडे एक, उजवीकडे एक, पुढे एक, मागे एक. इथेच थांबलो तर काम फार सोपं आहे. बुद्धिबळाच्या पटासारखे काळ्या घरांना एक संच आणि पांढऱ्या घरांना दुसरा दिला की संपलं. दोन संचांत भागतं.

पण नजर पटावरच्या हत्तीसारखी फक्त सरळ जात नाही, ती तिरकीही जाते. खरं तर तिरक्या दिशेलाच जास्त जाते. सरळ समोर बसलेल्याची पाठ त्याचाच पेपर झाकते. तिरक्या बाजूला, एक बाक पुढे बसलेल्याच्या खांद्याजवळून मात्र त्याची उत्तरपत्रिका चांगली दिसते. शिवाय त्यासाठी मान फारशी वळवावी लागत नाही, त्यामुळे पर्यवेक्षकाला संशयही येत नाही. म्हणून शेजार धरायचा तो पटावरच्या राजाचा: राजा एका चालीत ज्या घरांत जाऊ शकतो ती आठही घरं.

## दोन नाही, तीन नाही, चारच का?

राजाचा शेजार धरला की उत्तर आपोआप मिळतं. खोलीतली कुठलीही चार बाकं घ्या, दोन पुढची आणि त्यांच्या मागची दोन. या चौकोनातला प्रत्येक जण उरलेल्या तिघांचा शेजारी आहे. कुणी बाजूचा, कुणी मागचा, कुणी तिरका. म्हणजे चौघांच्या हातात चार वेगळे पेपर हवेत. तीन संच असतील तर या चौकोनात कुठलेतरी दोघे जुळे निघणारच, मग तुम्ही कितीही डोकं लढवा.

चार पुरतात का? पुरतात, आणि खोली कितीही मोठी असली तरी पुरतात. एमपीएससीच्या वस्तुनिष्ठ परीक्षांच्या पुस्तिका चार संचांत का येतात, हा प्रश्न पडलेल्यांना याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पाचवा संच छापून फायदा होतो, पण थोडाच; छपाई, उत्तरतालिका आणि गोंधळ मात्र वाढतो.

याच चौकोनातून आणखी एक गोष्ट निघते, ती पुढे लागेल. प्रत्येक चौकोनात एका पेपरचा एकच जण बसू शकतो. म्हणजे अख्ख्या खोलीत कुठल्याही एका पेपरचे विद्यार्थी साधारण पाव हिश्श्याहून जास्त असू शकत नाहीत.

## चार संच आहेत, पण वाटायचे कसे?

गडबड खरी इथे होते. पुस्तिकांवरची अक्षरं आपण अ, ब, क, ड अशी लिहू. गठ्ठ्यात पुस्तिका अ, ब, क, ड, पुन्हा अ, ब, क, ड अशा क्रमाने लावलेल्या आहेत असं समजा. पर्यवेक्षक पहिल्या रांगेच्या पहिल्या बाकापासून वाटत मागे जातो, मग दुसऱ्या रांगेच्या पहिल्या बाकावर येतो आणि गठ्ठ्यातली पुढची पुस्तिका देतो. ६ बाकांच्या रांगा असतील तर चित्र असं होतं (वर फळा, खाली मागची भिंत):

```
अ  क  अ  क
ब  ड  ब  ड
क  अ  क  अ
ड  ब  ड  ब
अ  क  अ  क
ब  ड  ब  ड
```

कुठलंही घर निवडा आणि आठही बाजूंना बघा. एकही जुळा शेजारी नाही. पर्यवेक्षकाने काहीच विशेष केलं नाही, गठ्ठा होता तसा वाटला, तरी काम चोख झालं.

आता खोली बदला. रांगेत ६ ऐवजी ८ बाकं आहेत. ८ ला ४ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे पहिली रांग ड वर संपते आणि दुसरी रांग पुन्हा अ पासून सुरू होते. तिसरीही अ पासून. परिणाम असा की पहिल्या ओळीतल्या सगळ्यांना अ, दुसऱ्या ओळीतल्या सगळ्यांना ब. डावा-उजवा प्रत्येक शेजारी जुळा! पर्यवेक्षक तोच, गठ्ठा तोच, नियम तोच. फक्त रांगेत दोन बाकं जास्त. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात कमी माहीत असलेली आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट हीच आहे.

रांगेत ५ बाकं असतील तर बाजूचे शेजारी वेगळे राहतात, पण एका तिरक्या दिशेला सगळे जुळे होतात. ७ असतील तर दुसऱ्या तिरक्या दिशेला. नुसता गठ्ठा वाटून काम फक्त तेव्हाच जमतं, जेव्हा रांगेतल्या बाकांच्या संख्येला ४ ने भागल्यावर बाकी २ उरते, म्हणजे ६ किंवा १०.

बाकं आपल्या सोयीची नसतात. म्हणून बाकी मोजत बसण्यापेक्षा एकच नियम लक्षात ठेवावा: पहिली रांग अ पासून सुरू करा, दुसरी क पासून, तिसरी पुन्हा अ पासून, चौथी क पासून. प्रत्येक नव्या रांगेची सुरुवात दोन अक्षरं सरकलेली हवी. मग रांगेत ५ बाकं असोत की ११, वरचंच चित्र तयार होतं. त्यासाठी गठ्ठा रांगेप्रमाणे आधीच वेगळा करून ठेवावा लागतो. दोन मिनिटांचं काम आहे.

परीक्षा विभागात आसनतक्ता संगणकावर करत असाल, तर कोऱ्या शीटच्या A1 घरात हे सूत्र टाकून उजवीकडे आणि खाली ओढा. प्रत्येक घरात त्या बाकाचा संच येईल:

```
=MID("ABCD",MOD(ROW()+2*COLUMN()+1,4)+1,1)
```

## नागमोडी वाटप आणि गैरहजर विद्यार्थी

बऱ्याच ठिकाणी बैठक क्रमांक नागमोडी जातात. पहिली रांग पुढून मागे, दुसरी मागून पुढे, तिसरी पुन्हा पुढून मागे. पर्यवेक्षकाचे हेलपाटे वाचतात आणि क्रमांक शोधायलाही सोपं जातं. पण त्याच क्रमाने अ-ब-क-ड वाटत गेलं तर वरच्याच २४ जणांच्या खोलीत दुसरी रांग पुढून ड, क, ब, अ, ड, क अशी होते. बाजूचा शेजारी अजूनही वेगळाच. तिरकं बघा: पहिल्या रांगेतला दुसरा मुलगा ब, आणि दुसऱ्या रांगेतला तिसरा मुलगाही ब. पहिल्या रांगेतला तिसरा क, दुसऱ्या रांगेतला दुसराही क. लगतच्या दोन रांगांमध्ये अशा ४ जोड्या निघतात; चार रांगांच्या खोलीत एकूण १२. आणि त्या नेमक्या तिरक्या दिशेला, जिथून सर्वांत चांगलं दिसतं. क्रमांक नागमोडी असायला हरकत नाही. पुस्तिका मात्र रांगेच्या पुढच्या टोकापासूनच मोजाव्यात.

दुसरा घोळ गैरहजर परीक्षार्थ्याचा. पहिल्या रांगेतला तिसरा मुलगा आलाच नाही. पर्यवेक्षकाने त्याची क पुस्तिका मागच्या मुलाला दिली आणि तिथून पुढचं सगळं एक अक्षराने सरकलं. पहिली रांग अ, ब, रिकामं, क, ड, अ अशी संपते आणि दुसरी ब पासून सुरू होते. आता पहिल्या रांगेतला दुसरा आणि दुसऱ्या रांगेतला पहिला, दोघांकडे ब. एका गैरहजरीने एक जुळी जोडी. खोलीत पाच-सहा जण गैरहजर असतील (भरती परीक्षांना ते नेहमीचंच) तर पुढे कुठे काय जुळेल याचा नेम नाही. म्हणून गैरहजर मुलाच्या बाकावरही त्याची पुस्तिका ठेवायची आणि नंतर उचलून घ्यायची. नवख्या पर्यवेक्षकांना हा कारकुनी सोपस्कार वाटतो. पण त्या न उघडलेल्या पुस्तिकेमुळेच पुढचा क्रम जागेवर राहतो.

## 'संच वेगळा म्हणजे माझा पेपर कठीण?'

हा आक्षेप दर परीक्षेनंतर ऐकू येतो. चार संच म्हणजे चार निरनिराळे पेपर नव्हेत. प्रश्न तेच असतात, फक्त त्यांचा क्रम बदललेला असतो. कधी कधी प्रत्येक प्रश्नाखालच्या पर्यायांचाही क्रम बदलतात. अ संचातला १७ वा प्रश्न ड संचात ६४ वा असेल. त्यामुळे संचानुसार गुण वाढवण्या-घटवण्याची गरज पडत नाही. एमएचटी-सीईटीसारखी परीक्षा अनेक सत्रांत होते, तिथे प्रश्नच वेगळे असतात आणि म्हणून पर्सेंटाइलचा हिशेब करावा लागतो. ती भानगड वेगळी.

क्रमाचा काहीच परिणाम होत नाही असं मात्र म्हणू नये. सुरुवातीलाच तीन अवघड गणितं समोर आली तर एखादा मुलगा गांगरतो. यावर उपाय म्हणून जाणते पेपर काढणारे सगळे प्रश्न एकत्र ढवळत नाहीत. इतिहासाचे प्रश्न इतिहासातच, अंकगणिताचे अंकगणितातच ठेवून त्या-त्या गटापुरता क्रम बदलतात.

संच पद्धतीचा खरा धोका दुसराच आहे, आणि तो प्रामाणिक विद्यार्थ्याला भोवतो. उत्तरपत्रिकेवर संचाचा गोल काळा करायचा असतो. तिथे ब ऐवजी ड चा गोल भरला, तर सगळी उत्तरं ड च्या उत्तरतालिकेने तपासली जातात आणि बरोबर उत्तरंही चुकीची ठरतात. म्हणून पेपर हातात आल्यावर आधी मुखपृष्ठावरचा आणि आतल्या पानांवरचा संच एकच आहे ना ते बघावं, मग गोल भरावा.

## लेखी परीक्षेत काय? तिथे तर ए-बी-सी-डी नसतं

दीर्घोत्तरी पेपरचे प्रश्न ढवळून उपयोग नाही. 'कारणे द्या' तिसरं असो वा पाचवं, उत्तर तेच. शेजाऱ्याच्या हातात मग खरोखरच दुसऱ्या विषयाचा पेपर हवा. कॉलेजं त्यासाठी दोन-तीन वर्षांचे वर्ग एकाच वेळी परीक्षेला बसवतात आणि ब्लॉकमध्ये त्यांची सरमिसळ करतात.

एक ब्लॉक घेऊन करून बघू. बाकांच्या ३ रांगा, प्रत्येकीत ८ बाकं, प्रत्येक बाकावर दोघं. म्हणजे २४ बाकं आणि ४८ जागा. बसवायचे आहेत बी.कॉम.चे एस.वाय.चे २२, टी.वाय.चे १६ आणि एफ.वाय.चे १०. बेरीज बरोबर ४८, एकही जागा शिल्लक नाही.

पहिल्यांदा सुचते ती रीत म्हणजे पाळीपाळीने बसवणं: एक एस.वाय., एक टी.वाय., एक एफ.वाय., पुन्हा एस.वाय. हे सुरुवातीला छान चालतं. ३० जागा भरल्या की एफ.वाय. संपतं. मग एस.वाय. आणि टी.वाय. आळीपाळीने बसतात, आणखी १२ जागांनंतर टी.वाय.ही संपतं. उरतात एस.वाय.चे ६ जण. शेवटच्या तीन बाकांवर दोन्हीकडे तेच. आसनतक्त्याची घरगुती सॉफ्टवेअरंही बऱ्याचदा हीच रीत वापरतात, आणि चूक नेहमी यादीच्या शेवटी, म्हणजे खोलीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसते. पर्यवेक्षकाच्या टेबलापासून सर्वांत लांब.

बरी रीत म्हणजे सर्वांत मोठा वर्ग आधी बसवायचा. बाकाची डावी आणि उजवी जागा वेगळी मोजली तर खोलीत ८-८ जागांच्या ६ उभ्या पट्ट्या होतात. एस.वाय.ला प्रत्येक बाकाची डावी जागा द्या, म्हणजे पट्टी १, ३ आणि ५. त्या २४ जागांपैकी २२ भरतात, ५ व्या पट्टीच्या शेवटच्या दोन रिकाम्या राहतात. आता टी.वाय.चे १६ पट्टी २ आणि ४ मध्ये. एफ.वाय.चे १० उरले: ८ पट्टी ६ मध्ये आणि २ त्या रिकाम्या जागांवर. झालं? नाही झालं. पट्टी ५ आणि ६ म्हणजे एकच बाक. तिसऱ्या रांगेच्या शेवटच्या दोन बाकांवर एफ.वाय.शेजारी एफ.वाय. बसलं.

उपाय कुणाला उठवण्यात नाही, पट्ट्यांचा क्रम बदलण्यात आहे. एफ.वाय.चे ८ पट्टी २ मध्ये, टी.वाय.चे १६ पट्टी ४ आणि ६ मध्ये. एफ.वाय.चे उरलेले दोघं ५ व्या पट्टीच्या शेवटी. त्यांच्या दोन्ही बाजूंना आता टी.वाय. आणि पुढे एस.वाय. एका बाकावर कुठेही एकाच वर्गाचे दोघं नाहीत, बाजूलाही नाहीत, तिरकेही नाहीत. आकडे तेच. मोठ्या वर्गाने सोडलेल्या जागा ज्या दोन पट्ट्यांच्या मधे येतात, त्या पट्ट्या तिसऱ्या वर्गाच्या असाव्यात, एवढंच बघायचं.

ही रीत कुठवर ताणते हेही त्यातच दिसतं. सर्वांत मोठा वर्ग बाकांच्या संख्येहून मोठा नसावा. या ब्लॉकमध्ये एस.वाय.चे २४ पर्यंत चालतील. २८ आले तर चार बाकांवर जुळी जोडी अटळ आहे, आणि त्यांतल्या चौघांना दुसऱ्या ब्लॉकला पाठवून त्यांच्या जागी दुसरा वर्ग आणणं हाच मार्ग. परीक्षेच्या वेळापत्रकाच्या शेवटी-शेवटी, एखाद्याच वर्गाचा पेपर उरलेला असतो, तेव्हा सरमिसळ शक्यच नसते. मग एका बाकावर एक.

## 'पण पुढे-मागे तर एकच वर्ग बसला!'

बरोबर पकडलंत. वरच्या मांडणीत एका पट्टीत पुढून मागे जवळपास सगळे एकाच पेपरचे आहेत. राजाच्या आठ घरांचा नियम इथे मोडला. तो पाळायचा तर एका वर्गाला पाव हिस्साच मिळतो, म्हणजे ४८ जागांत १२. एस.वाय.चे २२ बसणं अशक्य. शिवाय चार वेगळे पेपर हवेत आणि आपल्याकडे तीनच वर्ग. चौथ्या पेपरच्या जागी रिकाम्या जागा सोडता येतात: तिन्ही वर्गांचे १२-१२ आणि १२ जागा रिकाम्या. नियम पूर्ण पाळला गेला, पण ४८ ऐवजी ३६ जण बसले. बारा ब्लॉक लागणाऱ्या परीक्षेला सोळा लागतील, आणि तितके पर्यवेक्षक वाढतील. कुठलं कॉलेज हे करेल?

म्हणून तडजोड. ती करताना पुढचा-मागचा शेजार सोडावा की तिरका? पटासारखी मांडणी केली, तर पुढचा-मागचा वेगळा होतो पण चारही तिरके शेजारी जुळे होतात. उभ्या पट्ट्या केल्या तर फक्त दोन जुळे राहतात, आणि त्यांतल्या पुढच्याचा पेपर त्याच्याच पाठीआड असतो. मागच्याचा बघायचा तर अख्खं वळून बसावं लागतं, जे कुणाच्याही नजरेत येतं. माझं मत सरळ उभ्या पट्ट्यांच्या बाजूने आहे. त्यात वाटपही सोपं: पर्यवेक्षक एका पट्टीला एकच पेपर देत जातो. पटासारख्या मांडणीत दर जागेला पेपर बदलावा लागतो आणि टी.वाय.च्या मुलाला एफ.वाय.चा पेपर गेला की पहिली दहा मिनिटं त्यातच जातात.

सरमिसळीचा एक त्रास मात्र खरा आहे. एका वर्गाचा पेपर दोन तासांचा आणि दुसऱ्याचा अडीच तासांचा असेल, तर अर्धी खोली आधी उठते. खुर्च्यांचे आवाज, पुरवण्या बांधायची घाई, आणि नेमका शेवटचा अर्धा तास बाकीच्यांच्या शेजारी कुणीच नाही, पण लक्ष द्यायलाही पर्यवेक्षक मोकळा नाही. एका ब्लॉकमध्ये सारख्या वेळेचे पेपर ठेवले तर हे टळतं.

## दहावी-बारावीला सगळ्यांचा पेपर एकच, मग?

बोर्डाच्या परीक्षेत लाखो मुलं एकाच वेळी एकच पेपर लिहितात. तिथे 'वेगळा पेपर' हे हत्यारच हातात नाही. त्याची जागा अंतर घेतं: एका वर्गखोलीत साधारण २५ जण, एका बाकावर एक, आणि पुढच्या-मागच्या बाकांवर डावी-उजवी बाजू बदलून बसवणं. दुसरा उपाय ओळख तोडण्याचा. एका शाळेची मुलं सलग न येता शेजारी दुसऱ्या शाळेचा मुलगा यावा, म्हणून शाळांची सरमिसळ करतात. याने पेपर दिसायचा थांबत नाही, पण अनोळखी मुलाला उत्तरपत्रिका सरकवून दाखवायची हौस फार थोड्यांना असते. कॉपीला बहुतेक वेळा दोन माणसं लागतात, एक बघणारा आणि एक दाखवणारा. सरमिसळ त्यांतल्या दुसऱ्याला गाठते.

## 'खरी कॉपी चिठ्ठ्यांनी आणि मोबाईलने होते'

होते. आसनव्यवस्थेने चिठ्ठी थांबत नाही, बाहेरून उत्तरं सांगणारा थांबत नाही, आणि पर्यवेक्षकच फितूर असेल तर काहीच थांबत नाही. संच वेगळे असले तरी 'पानिपतच्या प्रश्नाला काय?' असं कुजबुजून विचारणाऱ्याला प्रश्नाचा क्रमांक लागत नाही. ही व्यवस्था फक्त नजरेच्या चोरीविरुद्ध आहे.

तिचा दुसरा उपयोग परीक्षा संपल्यावर होतो, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. समजा ब संचाच्या मुलाने शेजारच्या अ संचाच्या उत्तरपत्रिकेवरचे काळे गोल जसेच्या तसे उतरवले. त्याच्या स्वतःच्या तालिकेने तपासल्यावर १०० पैकी २४ गुण येतात. चार पर्यायांत डोळे मिटून गोल भरले तरी साधारण २५ येतात. आता तीच उत्तरपत्रिका अ च्या तालिकेने तपासून बघा. तिथे ७० निघाले, तर ते योगायोगाने निघत नाहीत.

पण एवढ्यावर त्याला चोर ठरवता येत नाही. हाच नमुना आणखी एका कारणाने दिसतो: मुलाला मिळालेली पुस्तिकाच अ ची होती आणि गोल त्याने चुकून ब चा भरला. तो कॉपीबहाद्दर नाही, निष्काळजी आहे. दोघांतला फरक सांगणारे कागद दोनच. एक हजेरीपत्रक, ज्यावर प्रत्येकाच्या सहीसमोर त्याच्या पुस्तिकेचा क्रमांक आणि संच लिहिलेला असतो; त्यावरून त्याच्या हातात खरोखर कुठला संच होता ते कळतं. आणि दुसरा त्या खोलीचा आसनतक्ता, ज्यावरून त्याच्या आठ घरांत अ संचाचं कोण बसलं होतं ते कळतं. त्या शेजाऱ्याच्या चुकीच्या उत्तरांशी याची चुकीची उत्तरंही जुळतात का, हे मग बघायचं. बरोबर उत्तरं जुळण्याला अर्थ नसतो, अभ्यास केलेल्या सगळ्यांचीच ती जुळतात. चुका जुळल्या तर प्रश्न विचारावे लागतात. त्यासाठी आसनतक्ता परीक्षेच्या दिवशी दाराला चिकटवलेला होता तसाच्या तसा, ऐनवेळी बदललेल्या जागांसह, निकाल लागेपर्यंत जपून ठेवलेला असावा लागतो.